दहा खुर्च्या आणि गेमची यादी

तालुक्याच्या गावात नवा गेमिंग लाउंज सुरू झाला की पहिल्या आठवड्यात दारातूनच एक प्रश्न येतो, ‘जीटीए आहे का?’ त्यामागून व्हॅलोरंटची विचारणा होते, काउंटर-स्ट्राइकची होते आणि एखादा मुलगा बीजीएमआय कॉम्प्युटरवर लावून मागतो. मालक नवा असेल तर तो सगळ्यांनाच हो म्हणतो. महिन्याभरात प्रत्येक मशीनच्या डेस्कटॉपवर तीस-चाळीस आयकॉन दिसू लागतात. त्यांतले निम्मे गेम अर्धवट अपडेट झालेले असतात, काही क्रॅक केलेले असतात आणि काही सुरू होतात पण खेळता येत नाहीत. मग गिऱ्हाईक तक्रार करतं की इथली मशीन हँग होतात. मशीन मात्र ठीक असतात. गडबड गेमच्या यादीत झालेली असते.

ही यादी कशी ठरवावी हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. बार्शीसारख्या गावात बसस्टँडजवळ पहिल्या मजल्यावर एक गाळा आहे आणि त्यात दहा मशीन आहेत. ती कुठल्यातरी आयटी कंपनीने बदलून टाकलेली, पुण्याच्या बाजारातून आणलेली जुनी ऑफिस मशीन आहेत. आत इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि २४० जीबीची एसएसडी. चार मशीनमध्ये मालकाने जीटीएक्स १०५० टीआय हे जुनं ग्राफिक्स कार्ड बसवलं आहे. उरलेली सहा प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालतात. हेच कार्ड निवडण्याला कारण आहे. या कार्डाची साधी आवृत्ती ७५ वॅटमध्ये भागते आणि तिला वेगळी पॉवर केबल लागत नाही, त्यामुळे ऑफिस मशीनच्या बारीक पॉवर सप्लायवरही ती चालते. छोट्या गावांतल्या लाउंजमध्ये अशी मशीन भरपूर दिसतात.

मालक सहसा मागणीपासून सुरुवात करतो आणि तिथेच चुकतो. क्रम उलटा हवा. आधी मशीन काय झेपवतं ते पाहावं, मग कायद्याने काय देता येतं ते, आणि त्यातून जे उरेल त्यात लोकांना काय हवं ते.

व्हॅलोरंटपासून सुरू करू. रायट गेम्स कंपनीने हा गेम २०२० साली आणला तेव्हा जुन्या मशीनवरही तो चालावा असा हेतू ठेवूनच तो बांधला होता. कंपनीने किमान म्हणून सांगितलेलं ग्राफिक्स इंटेलचं एचडी ४००० होतं, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या मशीनपेक्षाही एक पिढी मागचं. त्यामुळे कार्ड नसलेल्या सहा मशीनवर, चित्राचा आकार आणि बारकावे कमी केले, की हा गेम खेळता येतो. काउंटर-स्ट्राइक २ चं तसं नाही. २०२३ च्या सप्टेंबरात वाल्व्ह कंपनीने जुना काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह बाजूला करून हा गेम आणला. त्यासोबत जुन्या डायरेक्टएक्स ९ आणि ३२ बिट विंडोजचा आधार काढून घेतला. जी मशीन आदल्या महिन्यापर्यंत जुना गेम सुरळीत चालवत होती, तीच रातोरात धापा टाकू लागली. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर हा गेम सुरू होतो, नकाशा उघडतो, पण समोर शत्रू आला की चित्र अडखळतं.

हे ओळखण्याची रीत सोपी आहे, मात्र रिकाम्या नकाशात फिरून ते कळत नाही. काउंटर-स्ट्राइक २ मधले धुराचे गोळे हे नुसते चित्रातले डाग नसतात. धूर जागा व्यापतो, भिंतीला वळसा घालतो आणि गोळी गेली की फाटतो. ग्राफिक्सवर सगळ्यात जास्त भार तेव्हा पडतो. म्हणून चाचणी घेताना नेहमीचा नकाशा उघडून दहा खेळाडू भरावेत, दोन-तीन धुराचे गोळे एका ठिकाणी फोडावेत आणि त्या धुरात उभं राहून फ्रेमचा आकडा पाहावा. मोकळ्या जागेत दर सेकंदाला शंभर फ्रेम देणारं मशीन धुरात चाळिसावर आलं, तर गिऱ्हाइकाच्या लक्षात शंभर राहत नाही. ज्या क्षणी तो मारला गेला, तो चाळिसाचा क्षण लक्षात राहतो. म्हणून यादीत गेम घ्यायचा की नाही हे सरासरीवरून ठरवू नये, सगळ्यात वाईट क्षणावरून ठरवावं.

कार्ड नसलेल्या मशीनसाठी आणखी एक गोष्ट कार्ड घेण्याआधी तपासावी. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स मशीनचीच रॅम वापरतं. आठ जीबीची एकच पट्टी असेल तर ग्राफिक्सला एकाच रस्त्याने ये-जा करावी लागते. चार-चार जीबीच्या दोन पट्ट्या असतील तर दोन रस्ते मिळतात. जुन्या ऑफिस मशीनमध्ये एकच पट्टी असणं नेहमीचं आहे. जुनी डीडीआर-थ्री पट्टी स्वस्तात मिळते आणि तेवढ्याने गेम जाणवेल इतका सुधारतो.

आता व्हॅलोरंटमधली खरी अडचण. ती ग्राफिक्सची नाही, व्हॅनगार्डची आहे. व्हॅनगार्ड हा या गेमसोबत येणारा, लबाडी पकडणारा प्रोग्राम. तो विंडोजच्या अगदी गाभ्यात बसतो आणि मशीन सुरू होतानाच जागा होतो. विंडोज ११ वर तो दोन गोष्टी मागतो, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची व्यवस्था आणि सिक्युअर बूट. चौथ्या पिढीच्या ऑफिस मशीनमध्ये बहुधा टीपीएमची जुनी १.२ आवृत्ती असते. विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली तेव्हा अनेकांनी अशा मशीनवर आडवाटेने विंडोज ११ बसवून घेतलं. विंडोज छान चालतं. व्हॅलोरंट मात्र स्क्रीनवर `VAN9001` दाखवून बंद होतो. मालकाला वाटतं गेम बिघडला. तो गेम पुन्हा डाउनलोड करतो, रात्रभर लाइन अडकवून ठेवतो, आणि सकाळी तोच आकडा पुन्हा समोर येतो. हा संदेश टीपीएम किंवा सिक्युअर बूटचा आहे, गेमच्या फाइलशी त्याचा संबंध नाही. `VAN9003` आला तर सिक्युअर बूट बंद आहे, तो बहुतेक वेळा बायोसमध्ये जाऊन चालू करता येतो. टीपीएमचं मात्र जुन्या मशीनवर काही करता येत नाही.

म्हणजे या लाउंजला व्हॅलोरंट हवा असेल तर सध्या मशीन विंडोज १० वर ठेवणं भाग आहे, आणि मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा योजनेची मुदत किती काळ मिळते ते बघत राहणंही भाग आहे. कार्डाचीही मुदत अशीच ठरून गेली आहे. जीटीएक्स १० मालिकेसाठी नव्या गेमना जुळवून घेणारे ड्रायव्हर एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले, पुढे फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतात. म्हणून आज ठरवलेली यादी पाच वर्षांची धरू नये. या मशीनवर ती वर्ष-दोन वर्षांचीच आहे असं समजूनच पैसे गुंतवावेत.

यानंतर जागेचा हिशेब येतो. २४० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये २२३ जीबीच्या आसपास दिसते. विंडोज आणि लाउंजचे प्रोग्राम चाळीस घेतात. एसएसडी काठोकाठ भरली की सगळंच मंदावतं आणि अपडेटलाही तात्पुरती जागा लागते, म्हणून पंचवीस मोकळी ठेवावी. उरले दीडशेच्या थोडे वर. काउंटर-स्ट्राइक २ साठी वाल्व्ह ८५ जीबी मागतं, डोटा २ साठी ६०. व्हॅलोरंटला चाळीस धरावेत. हे तिन्ही मिळून १८५ होतात, म्हणजे सगळे गेम सगळ्या मशीनवर बसतच नाहीत. चाळीस आयकॉनवाला डेस्कटॉप मुळात या एसएसडीवर शक्यच नव्हता, तो मंद हार्ड डिस्क जोडून उभा केलेला असतो. हार्ड डिस्कवरून नकाशा उघडायला इतका वेळ लागतो की खेळाडू आत पोहोचतो तेव्हा पहिली फेरी सुरू झालेली असते.

अपडेटचाही हिशेब याच ठिकाणी करावा. दहा जीबीचं अपडेट दहा मशीनवर वेगवेगळं उतरवलं तर शंभर जीबी होतात. शंभर एमबीपीएसच्या लाइनवर, लाइन पूर्ण वेगाने चालली तरी, त्याला सव्वादोन तास लागतात. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता हे सुरू झालं तर त्या दिवसाचा धंदा गेला. स्टीमने २०२३ पासून एक सोय दिली आहे, एका मशीनवर गेम अद्ययावत असेल तर त्याच नेटवर्कमधलं दुसरं मशीन तो तिथून उचलतं. गिगाबिट स्विच असेल तर तेच दहा जीबी काही मिनिटांत दुसरीकडे पोहोचतात. स्टीमच्या सेटिंगमध्ये ही सोय मुळात आपल्याच अकाउंटच्या मशीनपुरती असते, ती वाढवून घ्यावी लागते.

परवान्याकडे वळायला हवं, कारण यादीतली सगळ्यात मोठी मागणी इथेच अडते.

दुकानातून किंवा स्टीमवरून गेम विकत घेतला म्हणजे तो आपला झाला, आता तो कुणालाही तासावर खेळायला देता येईल, अशी सर्रास समजूत आहे. आपला कायदा तसं म्हणत नाही. भारतीय स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम १४ मध्ये संगणक प्रोग्रामची प्रत व्यावसायिक भाड्याने देण्याचा हक्क मूळ मालकाकडे ठेवला आहे. तिथे एक अपवाद आहे. ज्या व्यवहारात प्रोग्राम हा भाड्याचा मुख्य विषय नसतो, तिथे हे कलम लागू होत नाही. भाड्याच्या गाडीच्या इंजिनातही सॉफ्टवेअर असतं, पण भाडं गाडीचं असतं. गेमिंग लाउंजमध्ये माणूस गेमसाठीच येतो, त्यामुळे तो अपवाद मालकाच्या मदतीला येईल असं धरून चालणं धोक्याचं आहे. क्रॅक केलेल्या प्रतीबद्दल तर शंकेला जागाच नाही. कलम ६३ब नुसार अनधिकृत प्रत आहे हे माहीत असून ती संगणकावर वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. हा वापर नफ्यासाठी किंवा धंद्यात नसेल तर न्यायालयाला शिक्षा सौम्य करता येते. लाउंजमालक धंदाच करत असतो, ही सवलत त्याच्यासाठी नाही.

जीटीए ५ चं घोडं इथेच अडतं. रॉकस्टारचा हा गेम पीसीवर २०१५ च्या एप्रिलमध्ये आला. दहा वर्षांनंतरही शाळकरी मुलांच्या तोंडी पहिलं नाव त्याचंच असतं. रॉकस्टारच्या मालक कंपनीच्या, टेक-टूच्या, वापर करारात गेमिंग सेंटरसारख्या ठिकाणचा वापर स्पष्ट शब्दांत नाकारला होता आणि त्यासाठी कंपनी वेगळा जागा-परवाना देऊ शकते असं म्हटलं होतं. म्हणजे हा मुद्दा करारात राहून गेलेला नाही, तो विचारपूर्वक घातलेला आहे. वेगळा लेखी परवाना हातात नसेल तर दहा प्रती दहा अकाउंटवर रीतसर विकत घेतल्या तरी त्या तासावर देता येत नाहीत. गावोगावचे लाउंज काय करतात हे सगळ्यांना दिसतं. एक अकाउंट घ्यायचं, प्रत्येक मशीनवर ते उघडून नेट बंद करायचं आणि ऑफलाइन चालवायचं, किंवा थेट क्रॅक बसवायचा. क्रॅकसोबत कधी काय येतं हे मशीनवर उशिरा दिसतं. कुणी खेळत नसतानाही पंखा जोरात फिरू लागतो आणि ग्राफिक्स कार्ड गरम राहतं, कारण आत कुणीतरी चलन खणणारा प्रोग्राम बसवलेला असतो. किंवा गिऱ्हाइकांची स्टीम अकाउंट चोरीला जाऊ लागतात आणि गावात लाउंजचं नाव खराब होतं.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. जीटीए ५ ला युरोपात १८ वर्षांवरच्यांसाठीचं मानांकन आहे आणि लाउंजमध्ये तो मागणारा बहुतेक सातवी-आठवीत असतो. ज्या मालकाला आईवडिलांनी मुलांना विश्वासाने पाठवावं असं वाटतं, त्याला हा गेम नाकारायला परवान्याशिवाय दुसरंही सबळ कारण आहे.

मग कायदेशीर काय देता येतं? स्टीमचा पीसी कॅफे कार्यक्रम हा सगळ्यात सरळ रस्ता आहे. लाउंजने त्यात नोंदणी केली की वाल्व्हचे स्वतःचे गेम, म्हणजे काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २, रीतसर देता येतात. गिऱ्हाईक आपल्या अकाउंटने येऊन आपले गेम खेळू शकतं. इतर काही प्रकाशकांनी आपले गेम लाउंजच्या व्यावसायिक परवान्यासाठी खुले केले आहेत. तिथे परवाने संख्येने घेतात. तीन परवाने घेतले तर दहापैकी कुठल्याही तीन मशीनवर एका वेळी तो गेम चालतो. म्हणून एखादा महाग गेम सगळ्या खुर्च्यांसाठी घ्यायची गरज नसते. कुठला गेम या यादीत आहे आणि कुठला नाही हे मात्र नोंदणीनंतर स्वतः पाहावं, कारण दुकानात दिसणारा प्रत्येक गेम तिथे नसतो.

फुकट गेमच्या बाबतीत थोडं जपून राहावं. व्हॅलोरंटसाठी कुणी पैसे भरत नाही, तरी रायटचा करारही वैयक्तिक आणि बिगरव्यावसायिक वापराचाच आहे. गिऱ्हाईक आपल्या अकाउंटने खेळतं, तो करार त्यानेच मान्य केलेला असतो आणि लाउंज विकतो तो मशीनचा वेळ. जगभरचे गेमिंग कॅफे या पद्धतीने चालतात. तरीही लाउंजच्या नावाने स्पर्धा घ्यायची असेल, फलकावर गेमचं बोधचिन्ह छापायचं असेल, तर कंपनीचे स्पर्धेचे आणि कॅफेचे नियम वाचून विचारणा करावी आणि आलेलं उत्तर छापून फाइलमध्ये ठेवावं. स्पर्धेत पैशांची पैज मात्र लावू देऊ नये. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले आहेत. ई-स्पोर्ट्सला त्याने मान्यता दिली आहे, पण कोपऱ्यात बसून लावलेली शंभर-दोनशेची पैज ई-स्पोर्ट्स ठरत नाही.

विंडोजचाही असाच एक धागा आहे. ऑफिस मशीनसोबत आलेलं विंडोज वापरायला मिळतं, भाड्याने द्यायला मिळत नाही. २०१० पासून मायक्रोसॉफ्टने अशा केंद्रांसाठी भाड्याच्या हक्काचा वेगळा परवाना ठेवला आहे. लाउंज उभारताना हा खर्च कुणी धरत नाही. विक्रेत्याशी बोलून तो सुरुवातीलाच अंदाजपत्रकात घालावा. पैसे वाचवायचे असतील तर डोटा २ आणि काउंटर-स्ट्राइक २ हे दोन्ही गेम लिनक्सवर थेट चालतात. व्हॅलोरंट चालत नाही, कारण व्हॅनगार्ड फक्त विंडोज ओळखतो.

परवान्याची अडचणच नसलेले काही गेम आहेत आणि लाउंजमालकांचं त्यांच्याकडे फारसं लक्ष जात नाही. सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा, झोनोटिक हा वेगवान नेमबाजीचा आणि ० ए.डी. हा प्राचीन साम्राज्यांच्या लढायांचा गेम. तिन्ही मुक्त परवान्याचे आहेत आणि त्या परवान्यात व्यावसायिक वापराला आडकाठी नाही. हे गेम मागायला कुणी येत नाही हे खरं आहे. पण आठ-नऊ वर्षांचं मूल वडिलांसोबत येतं, जीटीए मागतं, तेव्हा त्याला सुपरटक्सकार्टवर बसवून पाहावं. एकाच स्क्रीनचे दोन भाग करून बापलेक शेजारी बसून शर्यत लावू शकतात. ० ए.डी. मध्ये मौर्यांचं साम्राज्य हत्तींसह खेळता येतं आणि कॉलेजची मुलं त्यात तासन्‌तास रमतात. त्यात एक काळजी घ्यावी लागते. सैन्य फार वाढलं की हा गेम चांगल्या मशीनवरही मंदावतो, म्हणून खेळ मांडतानाच प्रत्येकाची लोकसंख्या शंभरवर मर्यादित करावी.

या गेमचा आणखी एक उपयोग नेट गेल्यावर कळतो. पावसाळ्यात फायबर तुटली की व्हॅलोरंट उघडतसुद्धा नाही, दहा जण एकाच खोलीत बसले असले तरी त्याला कंपनीचा सर्व्हर लागतो. लाउंजच्या आतल्या नेटवर्कवर चालणारे एक-दोन गेम तयार ठेवले तर तो दिवस वाया जात नाही.

आता मागणी. ती कानाने मोजली तर फसगत होते, वहीत मोजावी लागते. मालकाने दोन आठवडे एक साधी वही ठेवावी. कोण आलं, काय मागितलं, काय खेळलं, किती वेळ बसलं आणि सोबत किती जण होते, एवढंच लिहावं. समजा एका दिवशी जीटीएची विचारणा करणारी बारा मुलं आली. त्यांतलं प्रत्येक जण शिकवणीच्या आधी एक तास बसतं, म्हणजे बारा तास झाले. त्याच दिवशी व्हॅलोरंटसाठी पाच-पाच जणांचे दोनच गट आले, पण प्रत्येक गट तीन तास बसला. ते तीस तास झाले. कानावर बारा वेळा जीटीए पडलं आणि दोन वेळा व्हॅलोरंट, गल्ल्यात मात्र उलटं चित्र आहे. पाच विरुद्ध पाचच्या गेममध्ये एक जण आला की चार जणांना घेऊन येतो. म्हणूनच दहा खुर्च्यांच्या लाउंजमध्ये व्हॅलोरंट दहाही मशीनवर हवा. नऊवर असेल तर दोन गटांची आपसातली लढत होतच नाही.

बीजीएमआयची मागणी वेगळी समजून घ्यायला हवी. महाराष्ट्रातल्या बहुतेक मुलांनी गेम खेळायला सुरुवात केली ती मोबाइलवर. पबजी मोबाइलवर २०२० च्या सप्टेंबरात बंदी आली, २०२१ मध्ये तोच गेम बीजीएमआय होऊन परतला, २०२२ मध्ये दुकानांतून काढला गेला आणि २०२३ मध्ये पुन्हा आला. इतक्या वेळा जाऊन-येऊनही त्याची ओढ कमी झाली नाही. लाउंजमध्ये तो एम्युलेटरवर लावून द्या असा आग्रह होतो. तो धरू नये. हा गेम फोनसाठी आहे. एम्युलेटरवर खेळणाऱ्याचं अकाउंट बंद होऊ शकतं, आणि ते अकाउंट त्या मुलाने दोन-तीन वर्षं जपलेलं असतं. पीसीवरचा पबजी २०२२ च्या जानेवारीपासून फुकट आहे, पण त्याला आपल्या उदाहरणातल्या मशीनपेक्षा बरंच बळकट मशीन लागतं.

हे सगळं जुळवून बार्शीच्या त्या लाउंजची यादी अशी बसते. दहाही मशीनवर व्हॅलोरंट. कार्डवाल्या चार मशीनवर त्याच्या जोडीला काउंटर-स्ट्राइक २. दोन्ही मिळून सव्वाशे जीबी होतात, म्हणजे जागा पुरते. कार्ड नसलेल्या सहा मशीनवर त्याऐवजी डोटा २. तो कमी बारकाव्यांवर त्या ग्राफिक्सला झेपतो आणि व्हॅलोरंटसह शंभर जीबी घेतो. तिन्ही मुक्त गेम सगळीकडे, कारण ते फारसे जागा खात नाहीत. काउंटर-स्ट्राइकसाठी आलेल्या पाचव्या मुलाला मशीन नाही, हे फलकावर आधीच लिहावं. त्याला कार्ड नसलेल्या मशीनवर बसवून अडखळणारा गेम देण्यापेक्षा ते बरं.

यादी ठरल्यावरही दोन गोष्टी बिघडतात आणि दोन्ही व्हॅनगार्डशी निगडित आहेत. बहुतेक लाउंज मशीनवर असा प्रोग्राम बसवतात की पुन्हा सुरू केलं की सगळं मूळपदावर येतं. गिऱ्हाइकाने काहीही करून ठेवलं तरी मशीन स्वच्छ राहावं म्हणून ही सोय चांगलीच आहे. पण व्हॅनगार्ड `C:` ड्राइव्हवर बसतो. तो अपडेट होतो, मशीन पुन्हा सुरू करायला सांगतो, मशीन मूळपदावर येतं आणि अपडेट पुसलं जातं. तो पुन्हा अपडेट मागतो. गिऱ्हाईक अर्धा तास नुसतं मशीन चालू-बंद होताना पाहत बसतं. यावर उपाय असा की गेम वेगळ्या, न गोठवलेल्या ड्राइव्हवर ठेवावेत आणि आठवड्यातून एका सकाळी लाउंज उघडण्यापूर्वी सगळी मशीन मोकळी करून व्हॅनगार्ड अद्ययावत करून पुन्हा गोठवावीत. नवा पॅच आला की त्या दिवशी हे काम आधी करावं.

दुसरा बिघाड जास्त महागात पडतो. स्टीमची लबाडीविरोधी यंत्रणा पकडते तेव्हा शिक्षा अकाउंटला होते. व्हॅनगार्ड मशीनलाही शिक्षा करतो. एखाद्या मुलाने पेन ड्राइव्हवरून चीट चालवला आणि तो पकडला गेला, तर त्या मशीनवर `VAN 152` दिसू लागतो आणि पुढचे काही महिने तिथे कुणाचंच व्हॅलोरंट अकाउंट चालत नाही. दहातलं एक मशीन गेलं की पाच विरुद्ध पाचची लढत गेली, म्हणजे सगळ्यात जास्त तास देणारं गिऱ्हाईक गेलं. म्हणून यूएसबी पोर्टमध्ये फक्त कीबोर्ड, माउस आणि हेडफोन चालतील अशी व्यवस्था विंडोजमध्ये करून ठेवावी, गिऱ्हाइकाला प्रशासकाचे अधिकार देऊ नयेत आणि कोण कुठल्या मशीनवर कधी बसलं याची नोंद रोज ठेवावी. मागणी मोजायला सुरू केलेली वही इथे दुसऱ्यांदा कामी येते. मशीन अडकलं तर कंपनीला लिहिताना आणि त्या मुलाच्या घरच्यांशी बोलताना हातात तारीख आणि वेळ असते.

जीटीए काढल्यावर पहिल्या महिन्यात काही मुलं शेजारच्या लाउंजमध्ये जातील, हे मालकाने हिशेबात धरूनच ठेवावं. वरच्या उदाहरणातले बारा तास सगळे गेले तरी रोजच्या बेचाळीसपैकी तीस उरतात. त्या बारांतल्या तीन-चार मुलांना रविवारी सकाळी काउंटर-स्ट्राइकच्या मोकळ्या मशीनवर अर्ध्या दरात बसवलं तर काही तास परतही येतात. त्यासाठी वहीत आणखी एक रकाना लागतो, जीटीए नाही म्हटल्यावर मुलाने काय खेळलं किंवा तो निघून गेला. तीन महिन्यांनी तो रकाना वाचून ठरवावं की पुढचं कार्ड पाचव्या मशीनला घ्यायचं, की त्या पैशांत दोन नव्या गेमचे तीन-तीन व्यावसायिक परवाने घ्यायचे.